२९९ चा प्लॅन स्वस्त की ७९९ चा? आधी भागाकार करा

रिचार्जच्या दुकानाबाहेरच्या बोर्डावर सगळ्यात मोठ्या अक्षरात रक्कम असते, तिच्याखाली 'रोज १.५ जीबी' आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात वैधता. माझं स्पष्ट मत आहे की हा क्रम उलटा हवा. प्लॅन किती दिवस चालतो आणि त्यातला डेटा आपण प्रत्यक्षात किती वापरतो, हे कळल्याशिवाय नुसत्या रकमेला काही अर्थ नाही.

दर सतत बदलतात, म्हणून इथे कंपन्यांची नावं घेत नाही. आपल्याला बाजारात ज्या धाटणीचे प्लॅन दिसतात, तसेच चार समजा. १९९ रुपयांत १८ दिवस, २९९ रुपयांत २८ दिवस आणि ७९९ रुपयांत ८४ दिवस, या तिन्हींत रोज १.५ जीबी. चौथा ३४९ रुपयांत २८ दिवस, रोज २ जीबी. तुमचे खरे आकडे घालून हाच हिशोब करता येईल.

पहिली पायरी म्हणजे रकमेला दिवसांनी भागायचं. १९९ चा प्लॅन दिवसाला ११ रुपये ६ पैसे पडतो, २९९ चा १० रुपये ६८ पैसे आणि ७९९ चा साडेनऊ रुपये. म्हणजे बोर्डावर सगळ्यात स्वस्त दिसणारा प्लॅन या तिघांत सगळ्यात महाग निघाला. आकडा ३६५ ने गुणला की फरक डोळ्यांत भरतो: १९९ वाल्याचे वर्षाला सुमारे ४,०३५ रुपये जातात, ७९९ वाल्याचे ३,४७२. २८ दिवसांचा प्लॅन 'महिन्याचा' म्हणून धरू नका. वर्षात तो बारा नाही, तेरा वेळा मारावा लागतो. पगार एक तारखेला आणि रिचार्ज दर वेळी दोन-तीन दिवस अलीकडे सरकतोय, ही ओढाताण त्यातूनच येते. यावर दूरसंचार नियामक ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला. प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला नूतनीकरण होणारा, असे प्लॅन ठेवलेच पाहिजेत. ते शोधा, पण तेही भागून बघा, कारण तारीख सोयीची म्हणून दर सोयीचा असेलच असं नाही.

दुसरी पायरी जीबीची, आणि खरी गफलत इथेच होते. छापलेल्या जीबीने भागलं तर ३४९ चा प्लॅन जिंकतो: २८ दिवसांत ५६ जीबी, म्हणजे जीबीला ६ रुपये २३ पैसे. ७९९ च्या प्लॅनमध्ये १२६ जीबी, म्हणजे ६ रुपये ३४ पैसे. 'जास्त डेटा, कमी दर' हे गणित कागदावर बरोबर आहे. पण रोजचा कोटा मध्यरात्री संपतो आणि न वापरलेला डेटा दुसऱ्या दिवशी मिळत नाही. तुम्ही पैसे भरता ५६ जीबीचे आणि हातात पडतो तेवढाच, जेवढा त्या त्या दिवशी वापरला.

डोंबिवलीहून लोअर परळला रोज जाणारा एखादा नोकरदार घ्या. घरी वायफाय, ऑफिसात वायफाय. मोबाइल डेटा लागतो तो लोकलमध्ये आणि स्टेशनच्या वाटेवर. व्हिडिओ ४८०पी वर ठेवला तर तासाला साधारण अर्धा जीबी जातो, आणि गर्दीत एवढाच वेळ फोन हातात धरता येतो. म्हणजे दिवसाला अर्धा जीबी, २८ दिवसांत १४. आता वापरलेल्या जीबीने भागा. ३४९ चा प्लॅन जीबीला २५ रुपयांच्या आसपास जातो, ७९९ चा १९ रुपयांना पडतो. छापलेल्या जीबीवर हरलेला प्लॅन वापरलेल्या जीबीवर जिंकला. वर्षाचा फरक हजार रुपयांच्या वर.

आपला वापर अंदाजाने धरू नका. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या सिमच्या पानावर डेटा युसेज दिसतो. तिथे सायकलची तारीख रिचार्जच्या तारखेला लावा, आणि दोन सिम असतील तर आकडा बरोबर सिमचा आहे ना बघा. आयफोनमध्ये 'करंट पीरियड' आपोआप शून्यावर येत नाही, रिचार्जच्या दिवशी हाताने रीसेट करावा लागतो. नाहीतर तिथे कित्येक महिन्यांची बेरीज दिसते आणि माणूस घाबरून मोठा प्लॅन घेतो.

सरासरी मात्र एका बाबतीत फसवते. रोज अर्धा जीबी वापरणाऱ्याला रविवारी मॅच बघताना दोन जीबी लागू शकतात. कोटा संपला की बहुतेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ केबी. तीन एमबीचा एक फोटो जायला सहा मिनिटं लागतात. मग डेटा बूस्टर मारला जातो, आणि त्याची रक्कम कुणी मूळ प्लॅनच्या खर्चात धरत नाही. ती धरायची. समजा १ जीबीचा बूस्टर २२ रुपयांना आहे आणि ८४ दिवसांचाच, पण रोज २ जीबीचा प्लॅन ८५९ ला. फरक ६० रुपयांचा. म्हणजे तीन महिन्यांत दोन बूस्टर लागले तर छोटा प्लॅन परवडतो, तिसरा मारलात की मोठाच घ्यायला हवा होता. म्हणून एकच गोष्ट मोजा: मागच्या तीन महिन्यांत कोटा किती वेळा संपला. मॅच घरच्या वायफायवर बघत असाल तर हा प्रश्नच येत नाही.

५जी फोन असेल तर हिशोब थोडा बदलतो. जुलै २०२४ च्या दरवाढीपासून मोठ्या कंपन्यांनी अनलिमिटेड ५जी सर्वसाधारणपणे रोज २ जीबी आणि त्यावरच्या प्लॅनपुरतं ठेवलं. ५जीवर असताना रोजचा कोटा कापला जात नाही, त्यामुळे घरी वायफाय नसलेल्यांना ८५९ सारखा प्लॅन खरोखर स्वस्त पडू शकतो. पण तुमच्या खोलीत ५जी टिकतं का, हे आधी बघा. खूण सोपी आहे: तासभर व्हिडिओ बघितल्यावर कंपनीच्या अॅपमधला शिल्लक कोटा उतरला असेल, तर फोन ४जीवर होता.

आईवडिलांचा फोन फक्त बोलण्यापुरता असेल तर डेटाचे पैसे भरूच नका. ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या नियमांमुळे फक्त कॉल आणि एसएमएसचे व्हाउचर देणं कंपन्यांना बंधनकारक झालं, आणि अशा व्हाउचरची वैधता ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येते. अॅपमध्ये ते सहसा अगदी खाली असतात, 'व्हॉइस ओन्ली' किंवा 'व्हॅल्यू' या नावाखाली शोधा. ओटीटीच्या आमिषाचं मूल्य मात्र शून्य धरा, जर ते सबस्क्रिप्शन तुम्ही एरवी विकत घेणार नसाल.

लांबचा प्लॅन घ्यायच्या आधी एक गोष्ट तपासा. नंबर पोर्ट केला तर उरलेली वैधता बुडते, म्हणून नव्या सिमवर थेट वर्षाचे पैसे भरू नका. आधी २८ दिवसांचा मारून घरात, ऑफिसात आणि लोकलमध्ये रेंज बघा. आणि प्लॅन नेहमी स्वतःचा नंबर टाकूनच बघा. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, कल्याण हे मुंबई सर्कल, बाकीचा महाराष्ट्र वेगळ्या सर्कलमध्ये. साताऱ्यात घेतलेलं सिम वर्षानुवर्षं भांडुपमध्ये वापरलं तरी महाराष्ट्र सर्कलचंच राहतं, आणि काही प्लॅन सर्कलनुसार वेगळे असतात. दोन कंपन्यांचे दर शेजारी ठेवायचे असतील तर ट्रायचं tariff.trai.gov.in उघडा, तिथेही सर्कल निवडूनच प्लॅन बघायचे.