मेहुण्याची निविदा, भाचीची साखळी आणि आपली सही

केंद्र सरकारच्या एका कार्यालयात मी अनेक वर्षे काम केले आणि त्यातला बराच काळ प्रशासन शाखेत गेला. त्या काळात वर्तणूक नियमांबद्दल मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच होता : "साहेब, किती रुपयांपर्यंतची भेट चालते?" प्रश्न प्रामाणिक असे, पण तो चुकीच्या टोकाकडून विचारलेला असे. हितसंबंध, भेटवस्तू आणि बाहेरचे काम या तिन्ही कलमांत रकमेपेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची आहे, असे माझे ठाम मत आहे. देणाऱ्याचे किंवा काम देणाऱ्याचे एखादे प्रकरण आपल्या टेबलावर आहे का, आणि असेल तर ते आपण कोणाला, कधी आणि लेखी कळवले, हे आधी पाहावे लागते.

मी बोलतो आहे ते केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964 यांबद्दल. राज्य कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 आहेत. विषय तेच असले तरी कलमांचे क्रमांक आणि रकमा तिथेच पाहाव्यात, माझ्या पोस्टवरून ठरवू नयेत.

एक प्रकरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. आमच्या खरेदी शाखेत 'ब' गटातला एक अधिकारी होता. हुशार, वेळेवर येणारा आणि फाइल अडवून न ठेवणारा. त्याच्या मेहुण्याचा छपाईचा व्यवसाय होता आणि त्या भागीदारी फर्ममध्ये अधिकाऱ्याच्या पत्नीचा 10 टक्के हिस्सा होता. सासऱ्यांच्या पश्चात भावाने बहिणीला दिलेला वाटा, एवढेच त्याचे स्वरूप. कार्यालयाने नोंदवह्या आणि फॉर्म छापण्याची निविदा काढली तेव्हा त्या फर्मनेही दर भरले. तुलनात्मक तक्त्यावर या अधिकाऱ्याची सही झाली, फर्मचे दर सर्वांत कमी निघाले आणि काम तिला मिळाले. पुढे दोन महिन्यांनी मुलीचे लग्न झाले. मामाने भाचीला 62,000 रुपयांची सोन्याची साखळी घातली.

आता गंमत पाहा. साखळीची माहिती त्याने नियमानुसार कार्यालयाला कळवली, कारण भेटीचा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो. लग्न, वाढदिवस किंवा धार्मिक कार्य अशा प्रसंगी रूढीप्रमाणे निकटच्या नातेवाइकांकडून भेट घेता येते; मात्र ती 'अ' गटासाठी 25,000, 'ब' गटासाठी 15,000 आणि 'क' गटासाठी 7,500 रुपयांहून अधिक किमतीची असेल तर सरकारला कळवावी लागते. त्याने कळवले. पण त्या पत्रात "देणाऱ्याशी कोणताही कार्यालयीन संबंध नाही" असे एक वाक्यही घातले. त्याच महिन्यात मेहुण्याच्या फर्मचे देयक आमच्याच लेखा शाखेतून मंजूर झाले होते. साखळी कळवण्याच्या सावधपणातूनच सगळे प्रकरण उघडे पडले.

चौकशीत त्याने दोन बचाव मांडले. पहिला असा की, मेहुणा 'कुटुंबातील सदस्य' या व्याख्येत बसत नाही. हे खरेच आहे. नियम 2 मधील व्याख्येप्रमाणे कुटुंब म्हणजे पती किंवा पत्नी, पूर्णपणे अवलंबून असलेली मुले-मुली (सावत्रही), आणि रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्यातली पूर्णपणे अवलंबून असलेली अन्य व्यक्ती. स्वतःचा धंदा करणारा मेहुणा त्यात येत नाही. पण पत्नी येते, मग ती सोबत राहत असो वा नसो. नियम 4 च्या तिसऱ्या उपनियमाचा सरळ अर्थ असा की, आपल्या कुटुंबातले कोणी एखाद्या कंपनीत किंवा फर्ममध्ये नोकरीला असेल, किंवा आपला अथवा कुटुंबातल्या कोणाचा त्या व्यवहारात अन्य कोणत्याही प्रकारे हितसंबंध असेल, तर ते प्रकरण आपण हाताळायचे नाही आणि कंत्राटही मंजूर करायचे नाही. ते वरिष्ठांकडे पाठवायचे आणि वरिष्ठ सांगतील त्याप्रमाणे त्याचा निकाल लागेल. 10 टक्के हिस्सा हा हितसंबंधच आहे.

दुसरा बचाव होता, "दर सर्वांत कमी होते, सरकारचे एका पैचे नुकसान झाले नाही." हेही खरे होते, आणि कित्येक लोक इथेच फसतात. नियम नुकसान विचारत नाही. तुम्ही ते प्रकरण हाताळले का, एवढेच विचारतो. आपल्या सहीच्या जागी दुसऱ्याची सही असती आणि काम त्याच फर्मला त्याच दराने मिळाले असते, तर कोणाचीही तक्रार नव्हती. शिवाय, पत्नी भागीदार झाली त्याच वेळी ते कार्यालयाला कळवायला हवे होते, कारण कुटुंबातील सदस्य व्यापार किंवा धंदा करत असेल, अथवा विमा किंवा कमिशन एजन्सी चालवत असेल, तर ते सरकारला कळवण्याचे बंधन नियम 15 मध्ये आहे. कित्येक घरांत पत्नी विम्याची एजन्सी चालवते, त्यात गैर काहीच नाही. कळवले नाही आणि वर साहेबांनी आपल्याच हाताखालच्या लोकांना पॉलिसी घ्यायला सुचवले, तर मात्र दोन वेगवेगळे भंग होतात. शेवटी त्या अधिकाऱ्याची वेतनवाढ रोखली गेली. शिक्षा मोठी नव्हती, पण एका पत्राने ती टळली असती.

फर्ममध्ये पत्नीचा हिस्सा नसता, नुसता मेहुणाच असता तर? माझ्या मते तरीही बाजूला व्हायला हवे होते, पण मग आधार नियम 4 चा उरला नसता. 2014 च्या दुरुस्तीने नियम 3 मध्ये जी कलमे आली, त्यांत सार्वजनिक कर्तव्याशी निगडित असलेले खासगी हितसंबंध जाहीर करणे आणि संघर्ष असल्यास तो लोकहिताचे रक्षण होईल अशा रीतीने सोडवणे हे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. तिथे 'कुटुंब' या शब्दाच्या व्याख्येची भिंत नाही, आणि पदाचा लाभ मित्रांना मिळवून देण्यावरही बंदी आहे. व्याख्येच्या आडोशाला उभे राहणाऱ्यांनी हे कलम वाचावे.

आता भेटीच्या रकमांकडे पुन्हा येतो. लग्नकार्यातल्या नातेवाइकांव्यतिरिक्त एक उपनियम 'अन्य कोणत्याही बाबतीत' असा आहे. त्यात 2019 पासून 'अ' आणि 'ब' गटासाठी 5,000 आणि 'क' गटासाठी 2,000 रुपयांहून अधिक किमतीची भेट मंजुरीशिवाय घेता येत नाही. याचा उलटा अर्थ लावून "म्हणजे 4,900 चा सुकामेवा चालतो" असे म्हणणारे मी पाहिले आहेत, आणि एका दिवाळीत मीही पुरवठादाराकडून आलेला डबा घरी नेला होता, हे कबूल करतो. अक्षरशः वाचले तर त्या उपनियमातली रक्कम ओलांडली नव्हती. पण नियम 3 आपल्याला प्रभावित करू शकेल असे आर्थिक किंवा अन्य ऋण कोणाकडूनही स्वीकारायला मनाई करतो, आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात गैरलाभासाठी किमान रक्कम ठरवलेली नाही. ज्याचे देयक आपल्या टेबलावर आहे त्याच्याकडून आलेल्या वस्तूला 5,000 चे कवच लाभत नाही.

भेट म्हणजे फक्त वस्तू, हाही गैरसमज आहे. फुकट प्रवास, राहण्या-जेवणाची सोय किंवा अन्य कोणतीही सेवा हीसुद्धा भेटच, जर ती नातेवाईक किंवा कार्यालयीन संबंध नसलेला मित्र यांच्याखेरीज कोणी दिली असेल. सहज घेतलेला चहा-फराळ किंवा रस्त्यात मिळालेली लिफ्ट नियमाने त्यातून वगळली आहे, पण कार्यालयीन संबंध असलेल्यांकडून होणारा भपकेबाज किंवा वारंवार पाहुणचार टाळावा, असेही लगेच पुढे लिहिले आहे. या 'वारंवार' शब्दातच सगळी ग्यानबाची मेख आहे : एकेक जेवण क्षुल्लक वाटते, पण चौकशी अधिकारी वर्षभराच्या जेवणांची बेरीज करतो.

बाहेरच्या कामाबद्दल लोक म्हणतात, "कार्यालय सुटल्यावर माझा वेळ माझा." नियम तसे मानत नाही. पूर्वपरवानगीशिवाय व्यापार, धंदा किंवा दुसरी नोकरी करता येत नाही, मग ती संध्याकाळी सातनंतर का असेना. दुसऱ्या नोकरीची बोलणी करायलाही परवानगी लागते. याउलट मानधनाविना सामाजिक किंवा धर्मादाय काम, अधूनमधून साहित्यिक, कलाविषयक वा शास्त्रीय काम आणि हौशी खेळ यांना आधी परवानगी लागत नाही. म्हणून दिवाळी अंकात कथा लिहिणारा कारकून नियमबाह्य नाही. कथेचे मानधन मिळाले तर? बाहेरच्या कामाचे शुल्क घ्यायला मंजुरी लागते, पण सेवाशर्तींच्या मूलभूत नियमांतल्या 'शुल्क' या शब्दाच्या व्याख्येत साहित्य-कलेचे उत्पन्न वगळले आहे, मात्र एका अटीवर : त्या कामाला सेवेत मिळालेल्या ज्ञानाचा आधार नसावा. म्हणजे कथेचे मानधन निर्धोक. पण प्राप्तिकर विभागातल्या कर्मचाऱ्याने करसल्ल्याचे पुस्तक लिहून किंवा विभागीय परीक्षेच्या क्लासमध्ये शिकवून घेतलेल्या पैशाला ही सूट मिळत नाही. त्याला मंजुरी हवी; आणि क्लास दर शनिवारी ठरलेला असेल तर ते 'अधूनमधून' उरत नाही. ही रेघ मला पटते. कथा त्याची स्वतःची असते, पण करनियमांची जाण त्याला सरकारी पगारावर आलेली असते.

पत्र कसे लिहावे, हे अनेकांना जमत नाही म्हणून ते लिहितच नाहीत. तीन वाक्ये पुरेशी आहेत : "अमुक निविदेत दर भरणाऱ्या अमुक फर्ममध्ये माझ्या पत्नीची 10 टक्के भागीदारी आहे. हे प्रकरण मी हाताळू नये, म्हणून फाइल आपल्याकडे सादर करीत आहे. पुढील आदेश व्हावेत." खाली तारीख, आणि आवक क्रमांक घेतलेली प्रत आपल्याजवळ. निविदा उघडण्याआधीची तारीख असेल तर ते पत्र ढाल ठरते, तक्रार आल्यानंतरची असेल तर कबुलीजबाब. तोंडी सांगितलेले काही उपयोगाचे नसते, कारण वरिष्ठांची बदली होते आणि नव्या वरिष्ठांना काहीच आठवत नाही.

वरिष्ठांनी पत्रावर नुसते "पाहिले" असे लिहून फाइल परत पाठवली, तर तो आदेश नव्हे. अशा वेळी सही न करता फाइल पुन्हा सादर करावी आणि "या प्रकरणाची कार्यवाही कोणी करावी, याबाबत लेखी आदेश अपेक्षित आहेत" असे टिपणीत लिहावे. साहेब वैतागतात, निविदा चार दिवस लांबते. ती लांबू द्यावी.