२९वा पुष्पगुच्छ

पॅकिंगच्या मॅडम क्वालिटी मॅनेजर झाल्या. ऑफिसच्या ग्रुपवर मीही टाकलं, "हार्दिक अभिनंदन! पुढील वाटचालीस अनंत शुभेच्छा 💐". तो २९वा पुष्पगुच्छ. मॅडमनी वरच्या २८ जणांना हात जोडले, माझ्यापाशी आल्यावर बहुधा बोट दुखलं.

स्टोअरचे अण्णा शेंगाचटणीचा डबा उघडत माझ्या खांद्यावरून वाचत होते.

"का बे, हे माझ्या नातवाच्या मुंजीला चालतंय की."

"चालू दे की."

"दुकानाच्या उद्घाटनाला?"

"चालेल."

"रिटायर होणाऱ्याला?"

मी गप्प.

"मग ह्यात मॅडम कुठं हाय बे?"

बोटाला चटणी, तरी परीक्षा बिनचूक: नाव झाकून वाचायचं. दुसऱ्या कुणालाही चाललं, तर खोडायचं. 'हार्दिक', 'वाटचाल', 'अनंत' गेले. उरलं 'अभिनंदन'.

आता मॅडमनी केलेलं एकच काम हवं. 'तुम्ही फार मेहनती' हे काम नव्हे, ते प्रगतिपुस्तक. मार्चमधला माल आठवला. टॉवेल ७० बाय १४० सेंटिमीटर, म्हणजे ०.९८ चौरस मीटर. ५०० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम, या हिशेबाने वजन ४९० ग्रॅम हवं. मॅडमनी काट्यावर ठेवला तर ४५५. ७ टक्के कमी, आणि ऑर्डरीत वजनाला सूट ५ टक्क्यांचीच. कंटेनर थांबला. मी हे सगळं दशांशासकट लिहून काढलं.

"मेसेज हाय का रिजेक्शन रिपोर्ट?" अण्णा म्हणाले.

खरंच होतं. मॅडमना जीएसएम मी कशाला शिकवू? आकडा एकच ठेवायचा, ज्याने त्यांना तो दिवस आठवेल. त्याच्याशेजारी आपल्याला काय फरक पडला ते लिहायचं. ही ओळ लिहिताना जीव जातो, म्हणून लोक पुष्पगुच्छ टाकतात.

"शेवटी तुम्हाला न्याय मिळाला" असंही लिहून बघितलं. त्यात आधी अन्याय झाला, हा आरोप साहेबांवर जातो. "मला माहीतच होतं" लिहिलं की श्रेय आपल्याकडे येतं. शिवाय ते खोटं होतं. त्याच जागेसाठी माझाही अर्ज होता, आणि माझी ९ वर्षं झालीत. असो. 'पार्टी कधी?' म्हणजे तर वसुली.

ग्रुप सोडून थेट पाठवलं:

"मॅडम, अभिनंदन. मार्चमध्ये ४५५ ग्रॅमचा तो टॉवेल तुम्ही काट्यावर ठेवला नसता, तर माल परत आला असता आणि खाली माझी सही होती. तेव्हा आभार मानायचे राहिले. ही जागा तुम्हाला मिळाली ते योग्य झालं."

शेवटचं वाक्य चारदा खोडलं, पाचव्यांदा ठेवलं.

अण्णांनी नाव झाकून वाचलं आणि मान हलवली. "मुंजीला चालत नाही."

दोन मिनिटांत उत्तर आलं. "थँक्यू. त्या कागदावर सही तुमची होती होय? उद्या केबिनला या."