ॲब्स्ट्रॅक्ट शेवटीच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

रिपोर्ट लिहिताना मेथड्स आधी लिहावेत, त्याला एक दिवस पुरतो, आणि ॲब्स्ट्रॅक्ट सर्वांत शेवटी लिहावा, असं मी एका लेखात म्हटलं होतं. त्यावर ही प्रतिक्रिया आली:

"ही उलटी गंगा कशाला? ॲब्स्ट्रॅक्ट आधी लिहिला की दिशा मिळते, मग बाकीचा रिपोर्ट आपोआप उतरतो. मेथड्सला एक दिवस पुरतो म्हणता, तेही खरं नाही. कॉन्फरन्सवाले तर आधी ॲब्स्ट्रॅक्टच मागतात. स्वतः कधी डेडलाइनखाली रिपोर्ट लिहिलाय का, की नुसते सल्ले?"

तुमचं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. मतभेद असू द्या, पण अनोळखी माणसाच्या कामावर असा शेरा मारण्याआधी एक साधा प्रश्न विचारता आला असता. मी उत्तर दिलं असतं. आता विचारलंच आहे तर सांगतो.

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी चाळीस विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट मोजलं होतं. सबमिशनला पाच दिवस राहिले होते आणि मी नेमकं तुम्ही म्हणता तेच केलं. पहिल्या रात्री ॲब्स्ट्रॅक्ट लिहिला: 'चाळीस विहिरी तपासल्या, एकाही विहिरीत नायट्रेट ४५ मिग्रॅ प्रति लिटर या भारतीय मानकाच्या मर्यादेपेक्षा जास्त आढळले नाही.' दिशा अगदी पक्की मिळाली, आणि ती चुकीची होती.

दुसऱ्या दिवशी मेथड्स लिहायला बसलो. मेथड्समध्ये 'नमुने तपासले' एवढ्यावर भागत नाही. ज्याच्याशी ताडून नमुन्यांचे आकडे काढतात ते स्टँडर्ड द्रावण कसं केलं तेही लिहावं लागतं. लॅबच्या वहीत नोंद होती: ०.७२१८ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट, एक लिटर पाण्यात. हे वाक्य रिपोर्टमध्ये उतरवताना हात थांबला. या वजनाचं द्रावण १०० मिग्रॅ प्रति लिटरचं असतं खरं, पण ते नायट्रोजनच्या हिशेबात, नायट्रेटच्या नव्हे. म्हणजे माझे सगळे आकडे नायट्रोजनचे होते आणि मर्यादा मी नायट्रेटची लावली होती. नायट्रेटमध्ये आणायला ४.४३ ने गुणावं लागतं. माझं सर्वांत मोठं रीडिंग १४.२ होतं. मला ते ४५ च्या कितीतरी खाली वाटलं होतं. गुणल्यावर ते ६३ च्या आसपास गेलं.

त्याच बैठकीत दुसरी गोष्ट निघाली. नमुने घेतल्यापासून किती वेळात तपासले, हेही मेथड्समध्ये येतं. थंड ठेवलेला नमुना ४८ तासांच्या आत तपासायचा असतो. तारखा लावून पाहिल्या तर चार बाटल्या तीन दिवस पडून होत्या. त्या वगळल्या. उरल्या ३६ विहिरी, आणि त्यातल्या नऊ मर्यादेच्या वर. 'एकही नाही' याचं 'दर चारांत एक' झालं.

म्हणून मी मेथड्स आधी म्हणतो. तो भाग वहीतून येतो, मतांतून येत नाही. तिथे थकलेला माणूसही लिहू शकतो, आणि चूक असली तर तिथेच हाताला लागते. रिझल्ट्समध्येही आधी तक्ते आणि आलेख पक्के करायचे, मग प्रत्येक तक्त्याखाली तो काय दाखवतो एवढंच लिहायचं. नऊ विहिरी कुठे आहेत, शेताजवळ की वस्तीत, हे तक्त्यात दिसल्यावरच डिस्कशनला काही बोलता येतं. प्रस्तावना त्यानंतर. ॲब्स्ट्रॅक्टला मला शेवटच्या दुपारी तासभर लागला, कारण त्यातला एकही आकडा नव्याने ठरवायचा नव्हता. लिहून झाल्यावर प्रत्येक आकड्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि तो तक्त्यात शोधला. जो सापडत नाही तो जुन्या मसुद्यातून राहिलेला असतो. आधी लिहिलेल्या ॲब्स्ट्रॅक्टमध्ये हेच होतं: आत ३६ होतात, वर ४० तसेच राहतात, आणि परीक्षक पहिलं पान वाचूनच प्रश्न विचारतो.

तुम्हाला दिशाच हवी असेल तर प्रश्नाची एक ओळ लिहून समोर चिकटवा: 'या गावांतल्या विहिरींचं पाणी नायट्रेटच्या दृष्टीने पिण्यायोग्य आहे का?' तिने दिशा मिळते आणि उत्तर मात्र मोकळं राहतं. ॲब्स्ट्रॅक्टमध्ये उत्तर बांधलं जातं, आणि एकदा बांधलेलं उत्तर सोडायला किती जड जातं ते मी त्या रात्री पाहिलं. गुणाकार तीनदा करून पाहिला मी, चुकला असावा या आशेने.

मेथड्सच्या एका दिवसाबद्दल तुमचं बरोबर आहे. फील्डवर्क असेल तर दोन दिवस धरावेत; मूळ लेखात तशी दुरुस्ती करतो. कॉन्फरन्सला आधी पाठवायचा ॲब्स्ट्रॅक्ट हा वेगळा कागद आहे, त्याचा इथे संबंध नाही. रिपोर्टच्या वेळी तो उघडूही नये, नव्याने लिहावा.

आणि तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर: हो, लिहिलाय. पहिला ॲब्स्ट्रॅक्ट तसाच गेला असता तर नऊ विहिरींचं पाणी माझ्या सहीने सुरक्षित ठरलं असतं. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा मुद्द्यावर लिहा.