ओपीडीत बसून मिळालेला नमुना रँडम नसतो

“सॅम्पल साइझचा एवढा बाऊ करू नका. ३० च्या वर कितीही चालतात. गाइड अडले तर ३८४ लिहा, सगळीकडे पास होतं. क्लिनिकला येईल त्या पेशंटला फॉर्म द्या. कोण येणार हे आपण ठरवत नाही, म्हणजे रँडमच झालं.”

हा मेसेज नर्सिंगच्या मुलांमध्ये इतका फिरलाय की माझ्या भाचीने तो जवळजवळ जसाच्या तसा प्रपोजलमध्ये उतरवला. तिचा विषय: वस्तीतल्या दवाखान्यातले बीपीचे पेशंट गोळ्या नियमित घेतात का.

३० चं लगेच उरकू. ३० जणांत निम्मे नियमित निघाले, तर खरा आकडा साधारण ३२ ते ६८ टक्क्यांत कुठेही असू शकतो. एवढं तर फॉर्म न भरताही सांगता येईल.

३८४ अगदीच हवेतून आलेला नाही, हे मान्य करावं लागेल. १.९६² × ०.५ × ०.५ ÷ ०.०५² केलं की तोच येतो. त्यातल्या ०.५ लाही आधार आहे: दीर्घ आजारांत विकसित देशांतसुद्धा सरासरी निम्मेच रुग्ण उपचार नीट पाळतात, असं जागतिक आरोग्य संघटनेचा २००३ चा अहवाल सांगतो. पण हे गणित भल्यामोठ्या लोकसंख्येचं. दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये समजा ६०० च बीपीचे पेशंट असतील, तर दुरुस्ती करून २३५ पुरतात. दहा टक्के भेटणार नाहीत असं धरलं, तर २६२.

खरा घोळ शेवटच्या वाक्यात आहे. अहो, गोळ्या सोडलेला माणूस ओपीडीच्या बाकावर सापडेल कसा? त्याच ६०० पैकी ४०० जण दर महिन्याला येतात आणि २०० जणांनी येणंच सोडलंय, असं धरा. येणाऱ्यांपैकी ३०० नियमित गोळ्या घेतात. न येणाऱ्यांपैकी कुणीच नाही. दवाखान्याचं खरं उत्तर ५० टक्के. ओपीडीत बसून येईल ७५. तिथे ३८४ काय, चारशेच्या चारशे फॉर्म भरले तरी ७५ च येणार. नमुना वाढवून ही चूक जात नाही, उलट चुकीच्या आकड्यावरचा विश्वास तेवढा वाढतो. आणि मग अहवालात लिहायचं, “पेशंट छान गोळ्या घेतात”!

म्हणून यादी रजिस्टरवरून करायची, वर्षभर न आलेली नावंसुद्धा ठेवून. १ ते ६०० नंबर टाकायचे, रँडम नंबरने २६२ कार्डं काढायची. जे येत नाहीत त्यांना फोन, नाहीतर आशाताईंबरोबर घरी. एखादा तीन खेपांत भेटला नाही, तर त्याच्या जागी ओपीडीतला हजर माणूस घ्यायचा नाही. तसं केलं की तीच चूक मागच्या दाराने आत येते. न भेटलेल्यांची शेवटच्या भेटीची तारीख कार्डावर असतेच. ती भेटलेल्यांच्या तारखांशी ताडून बघायची. न भेटलेले बहुतेक सगळे जुन्या तारखांचेच निघाले, तर आपला टक्का अजूनही फुगलेला आहे, आणि तसं अहवालात लिहायचं.