‘चोवीस तास उपलब्ध’ लिहिणाऱ्यांसाठी

“परदेशी रिमोट जॉब हवाय? फक्त ४ गोष्टी करा. १) रेझ्युमेवर सगळ्यात वर ठळक लिहा: २४×७ उपलब्ध, कुठल्याही टाइम झोनमध्ये काम करायला तयार. २) लोकेशन लपवा, तिकडचा पत्ता टाका, व्हीपीएन लावा, कुणाला कळत नाही. ३) झूम, स्लॅक, जिरा, ट्रेलो, सगळी टूल्स स्किल्समध्ये भरा. ४) इंटरनेटच्या स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट जोडा. जास्तीत जास्त शेअर करा.”

हा मेसेज माझ्या भाचीने मला पाठवला. सोबत तिचा रेझ्युमेही होता आणि त्यात पहिले दोन उपाय करून झालेले होते. ती सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, काम चांगलं करते आणि न्यूयॉर्कच्या एका टीमकडे अर्ज करत होती. “मावशी, असंच लिहितात ना सगळे?” हो, लिहितात. मी बाहेरच्या टीमसोबत काम करते आणि टीमसाठी आलेले अर्जही वाचते, म्हणून सांगते: लिहितात, आणि आम्ही ते वाचून पुढच्या अर्जाकडे जातो.

पहिल्या उपायाचं आधी बघू, कारण मूर्खपणात तो अव्वल आहे. चोवीस तास उपलब्ध असलेला माणूस झोपतो कधी? अर्ज वाचणाऱ्याच्या मनात हाच प्रश्न येतो. त्याहून वाईट म्हणजे, या माणसाने आपल्या टीमची वेळ आणि स्वतःची वेळ शेजारी-शेजारी ठेवून बघितलेलीच नाही, हे त्या एका ओळीतून उघडं पडतं. टीमला चोवीस तास नकोच असतात. त्यांना हवी असते ती सामायिक वेळ, म्हणजे ओव्हरलॅप: रोज कोणते तीन-चार तास दोन्हीकडची माणसं जागी, कामावर आणि एकमेकांना उत्तर द्यायला मोकळी असतील. पुष्कळ जाहिरातींत ते ‘कोअर अवर्स’ म्हणून लिहिलेलंच असतं.

भाचीच्या जाहिरातीतही होतं: सकाळी १० ते दुपारी २, न्यूयॉर्कची वेळ. आता हे मांडून बघा. भारताची वेळ UTC+5:30, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे, वर्षभर तीच. न्यूयॉर्कला मात्र उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात, म्हणून तिथली वेळ उन्हाळ्यात UTC-4 आणि हिवाळ्यात UTC-5. म्हणजे उन्हाळ्यात फरक साडेनऊ तासांचा, हिवाळ्यात साडेदहाचा. तिकडचे १० ते २ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी ७:३० ते रात्री ११:३०. दुपारी अडीचला काम सुरू करून रात्री साडेअकराला संपवलं, मध्ये तासाभराची सुट्टी घेतली, तर पूर्ण दिवसही भरतो आणि चारही तास सामायिक मिळतात. रात्रभर जागायची गरजच नाही.

पण नोव्हेंबर आला की तेच चार तास ८:३० ते १२:३० होतात. जुन्याच वेळेला काम थांबवलं तर ओव्हरलॅप तीन तासांवर येतो. मग हिवाळ्यात तासभर उशिरा सुरू करून साडेबारापर्यंत बसायची तयारी आहे का? हे आधी स्वतःशी ठरवायचं आणि मगच लिहायचं. भाचीने ठरवलं, जमेल. तिच्या रेझ्युमेवर नावाखाली आता एवढंच आहे (अर्थात इंग्रजीत): “कामाची वेळ दुपारी २:३० ते रात्री ११:३०, UTC+5:30. न्यूयॉर्कच्या सकाळी १० ते दुपारी २ या वेळेत रोज उपलब्ध. तिकडे हिवाळी वेळ लागू असताना माझी वेळ एक तास पुढे.” तिला काय झेपेल आणि त्यांना काय मिळेल, हे वाचणाऱ्याला हिशोब न करता कळतं. घड्याळ बदलतं हे तिला ठाऊक आहे, तेही त्यातच आलं.

या घड्याळ बदलण्यावरच निम्मे लोक घसरतात. अमेरिकेत उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते. युरोपात ती मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होऊन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपते. म्हणून मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर एक आठवडा न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यातलं नेहमीचं पाच तासांचं अंतर चारवर येतं. टीम दोन्हीकडे पसरलेली असेल तर या आठवड्यांत हमखास कुणीतरी तासभर आधी किंवा नंतर उगवतं. कॅलेंडरमधली दर आठवड्याची मीटिंग साधारणपणे ज्याने ती तयार केली त्याच्या टाइम झोनला बांधलेली असते. न्यूयॉर्कच्या मॅनेजरने सकाळी १० ची लावली असेल तर ती हिवाळ्यात आपल्याला साडेआठला दिसेल आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर साडेसातला. तुम्ही भारतीय वेळेत लावलीत तर सरकण्याचा त्रास त्यांना.

आणि कृपा करून बारा महिने ‘EST’ लिहू नका. त्याचा अर्थ UTC-5, म्हणजे न्यूयॉर्कची फक्त हिवाळ्यातली वेळ. जुलैमध्ये “10 AM EST” लिहिणाऱ्याला खरं तर उन्हाळी वेळ म्हणायची असते आणि अक्षरशः वाचणारा तासभर उशिरा येतो. दोन्ही ऋतूंना चालणारं ‘ET’ लिहा, किंवा कॅलेंडरमध्ये सरळ America/New_York निवडा. भारतीय वेळेचं ‘IST’ सुद्धा एकटं सोडू नका. आयर्लंड आणि इस्राएलवाले हीच तीन अक्षरं आपापल्या वेळेसाठी वापरतात.

प्रत्येक शहराचं गणित न्यूयॉर्कसारखंच नसतं. लंडनचे ९ ते ५ म्हणजे उन्हाळ्यात आपले १:३० ते ९:३० आणि हिवाळ्यात २:३० ते १०:३०. सकाळी ११ ते रात्री ८ काम करणाऱ्यालाही तिथे हिवाळ्यात साडेपाच तास ओव्हरलॅप मिळतो. अशा टीमला ‘२४×७’ लिहिणारा न मागितलेली रात्र फुकट देऊन बसतो. कॅलिफोर्निया मात्र खरंच अवघड आहे. तिथले सकाळचे ९ म्हणजे आपले रात्रीचे ९:३०, हिवाळ्यात १०:३०. तिथे चार तास कबूल करणं म्हणजे दीड-अडीचपर्यंतची जाग कायमची अंगावर घेणं. ते झेपणार नसेल तर “रोज ९:३० ते ११:३०, हिवाळ्यात १०:३० ते १२:३०” असे दोनच तास लिहा. काही टीम नाही म्हणतील. नोकरी लागल्यावर तिसऱ्या महिन्यात मीटिंगमध्ये डुलक्या काढण्यापेक्षा ते बरं.

टूल्सच्या यादीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. स्लॅक वापरता येतं हे कौशल्य म्हणून लिहिणं हास्यास्पद आहे. ते नवा माणूस एका दुपारी शिकतो. दूर बसून काम जमतं की नाही हे कळतं लिहिण्यातून. ओव्हरलॅप चार तासांचा असेल तर उरलेला वेळ समोरचे झोपलेले किंवा तुम्ही. अशा वेळी बग रिपोर्टमध्ये एक माहिती राहिली, समजा कोणत्या ब्राउझरवर दिसला तेच लिहिलं नाही, तर तो प्रश्न त्यांच्या दुपारी येतो, तुम्ही तो दुसऱ्या दिवशी बघता आणि दुरुस्ती सुरू व्हायला एक दिवस जातो. समोरासमोर बसलेल्या टीममध्ये याच चुकीला अर्धा मिनिट लागला असता.

म्हणून भाचीला सांगितलं, यादी काढ आणि स्वतः लिहिलेला एक नमुना जोड. कंपनीची गुप्त माहिती नको. एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पात सापडलेला बग चालेल. त्यात बग कसा घडवायचा त्या पायऱ्या, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, कोणत्या आवृत्तीवर. शेवटी दिवस संपताना टाकायची नोंद: “पेमेंटच्या पानाची तपासणी झाली. परताव्याची अडली आहे, चाचणी खात्याची परवानगी हवी. ती मिळेपर्यंत लॉगिनच्या चाचण्या घेते. परवानगी तुमच्या दुपारपर्यंत मिळाली तर उद्या पूर्ण होईल.” अशी नोंद वाचून समोरच्याला एकही प्रश्न विचारावा लागत नाही. मुलाखतीत “तुम्ही अडलात आणि आम्ही झोपलेलो असलो तर काय कराल?” हे विचारतातच, आणि तेव्हा “मी सेल्फ-मोटिव्हेटेड आहे” म्हणण्यापेक्षा हा कागद दाखवता येतो.

स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट? तो एका क्षणाचा असतो. दुसरं कनेक्शन आहे का आणि वीज गेली तर किती तास चालेल, हे विचारलं तर एका वाक्यात सांगा. तेवढं त्या मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, चला.

आता लोकेशन लपवण्याचं. इथे माझा संयम संपतो, कारण बाकीच्या उपायांनी फार तर अर्ज वाया जातो, हा उपाय माणसाला अडकवतो. १६ मे २०२२ रोजी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने, अर्थ खात्याने आणि एफबीआयने मिळून कंपन्यांसाठी एक सूचनापत्र काढलं. विषय होता खोट्या ओळखीने रिमोट नोकऱ्या मिळवणारे उत्तर कोरियाचे आयटी कर्मचारी. संशय कशावरून घ्यावा याची त्यात यादी आहे: एकाच खात्यावर थोड्या वेळात वेगवेगळ्या देशांच्या आयपी पत्त्यांवरून लॉगिन, आणि उमेदवाराच्या निरनिराळ्या प्रोफाइलवरच्या माहितीत विसंगती. आता इंटरनेटवर दुसऱ्याच देशात असल्याचं भासवणारं व्हीपीएन लावून, तिकडचा पत्ता टाकून, दुसऱ्या प्रोफाइलवर खरं शहर ठेवून अर्ज करणारा माणूस या यादीत कुठे बसतो ते तुम्हीच बघा. “कुणाला कळत नाही” म्हणे! जे हुडकायला कंपन्यांना सांगितलंय तेच तुम्ही स्वतःहून करताय.

आणि समजा मुलाखतीपर्यंत नाही कळलं. पुढे करार येतो. अमेरिकी कंपनी परदेशातल्या माणसाला कंत्राटी घेते तेव्हा साधारणपणे W-8BEN नावाचा फॉर्म भरून मागते. त्यात कायमच्या राहण्याचा पत्ता आणि नागरिकत्वाचा देश लिहायचा असतो, आणि खोटं असेल तर शिक्षेस पात्र, अशा मजकुराखाली सही करायची असते. तिथे खरं लिहिलं की अर्जातलं खोटं उघड, आणि खोटं लिहिलं तर मामला नोकरीपुरता राहत नाही.

एक मान्य करते, नाइलाजाने. खरं शहर लिहिल्यावर काही अर्ज न वाचताच बाद होतात. होतात. कारण कंपनी कुठल्या देशात माणूस कायदेशीररीत्या ठेवू शकते हे तिथे तिची नोंदणी आहे का, किंवा ती मध्यस्थ कंपनीमार्फत नेमणूक करते का, यावर ठरतं. पत्ता खोटा टाकून ते बदलत नाही. म्हणून जाहिरात नीट वाचा. “Remote (US)” किंवा अमेरिकेत काम करण्याची परवानगी हवी असं लिहिलेलं असेल तर ती सोडा. फक्त “UTC-5 ±3”, म्हणजे त्या वेळेच्या तीन तास मागे-पुढे, असं लिहिलेलं असेल तर अट राहण्याच्या जागेची आहे की कामाच्या तासांची, हे त्यावरून कळत नाही. तिथे खरं शहर आणि UTC+5:30 लिहून रिक्रूटरला दोन ओळींत विचारा: माझे सामायिक तास हे असे आहेत, अट तासांची असेल तर मी त्यात बसते, राहण्याची असेल तर भारतातून कंत्राटी किंवा मध्यस्थामार्फत नेमणूक होते का?