तांब्याच्या घागरीला 4के फोटो कशाला?

"प्रॉप खरा दिसायचा असेल तर 4के फोटो टेक्श्चर लागतंच. रफनेस, बम्प वगैरे नंतरचं काम. नॉइजने बनवलेलं मटेरिअल कायम प्लास्टिकसारखंच दिसतं."

हे फिरत फिरत आमच्या बेळगावच्या थ्रीडी ग्रुपवरपण आलं आणि नवीन पोरं आता प्रत्येक बादली-तांब्याला 4के टाकायला लागलीत, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी फोटोचंच बघूया. मी खानापूरकडच्या आमच्या घरातली तांब्याची घागर करायला घेतली, तेव्हा मीपण पहिल्यांदा मोबाईलने फोटोच काढले. फोटोत काय आलं तर खिडकीचा पांढरा पट्टा, माझा लाल शर्ट आणि खाली कट्ट्याची सावली. चकचकीत तांब्याचा फोटो म्हणजे खरं तर त्या खोलीचा फोटो असतो, तांब्याचा स्वतःचा रंग त्यात थोडाच उरतो. तो फोटो रंगाच्या मॅपला लावून लाइट फिरवला तर खिडकीचा पट्टा घागरीला चिकटून तसाच राहतो, हलत नाही, आणि डोळ्याला लगेच खोटं कळतं. तुमच्या प्रॉपवर ही परीक्षा आजच करून बघा, सीनला उजेड देणारी एचडीआरआय इमेज गोल फिरवा, जी चमक जागची हलली नाही ती रंगात छापलेली आहे.

आता साइजचं. 4096 बाय 4096 चा साधा आठ बिटचा आरजीबीए मॅप कॉम्प्रेस न करता 64 एमबी खातो, 512 चा 1 एमबी. घागर स्क्रीनवर 500 पिक्सेल रुंद दिसत असेल तर तिचा सगळा घेर उलगडून दीड हजाराच्या आसपास भरतो, त्याच्या वरचा तपशील कोणाला दिसणारच नाही. आणि रफनेसचे डाग तर मुळातच मऊ कडांचे असतात, त्यांना 512 पण चालतं.

प्लास्टिकचं मात्र थोडं खरं आहे, पण कारण वेगळं आहे. एकच नॉइज, म्हणजे फोटोशिवाय गणिताने बनवलेला डागांचा नमुना, रंगाला, रफनेसला आणि बम्पला, सगळीकडे सारखा जोडला की सगळी घागर एकाच गोष्टीने डागाळल्यासारखी दिसते, किंवा रफनेस सगळीकडे 0.3 ठेवला की नवीन कोऱ्या खेळण्यासारखी. मी पेंटिंग सोडून आधी घागरीजवळ जाऊन बसलो, काकू म्हणाल्या "काय बघूलालास रे एवढं?" बघत होतो ते असं. कमरेवर घेऊन घेऊन पोटाची एक बाजू गुळगुळीत झालेली. चिंचेने घासलेल्या रेषा आडव्या, गोल फिरणाऱ्या. गळ्याच्या सांध्यात चिंच पोचत नाही, तिथे काळपट तपकिरी आणि थोडं हिरवं. बूड कट्ट्यावर घासून खरखरीत.

मग मेटॅलिक 1 आणि रंग दोनच ठेवले, उजळ तांबडा आणि काळपट तपकिरी, मधला मास्क नॉइजचा. रफनेस पोटाला 0.22, खांद्याला 0.35, बुडाला 0.6, आणि घासलेल्या रेषांसाठी नॉइज घेराच्या दिशेने ताणला. सांध्यातल्या हिरव्याला मेटॅलिक 0, रफनेस 0.9, कारण तो धातू उरलेलाच नाही, गंज आहे. सांध्यात रंग आणि रफनेस एकत्र बदलतात कारण कारणच एक आहे, पण कमरेच्या बाजूला फक्त रफनेस बदलतो, रंग तोच. खरी घागर इथेच दिसायला लागली. बम्पला ठोक्यांसाठी मऊ केलेला व्होरोनॉय, खोली अर्धा मिलीमीटर, म्हणजे ब्लेंडरमध्ये `Distance` 0.0005 मीटर. त्याआधी घागर सीनमध्ये खऱ्या मापाची करून घ्या नाहीतर हा आकडा काहीच्या काही लागतो.

एक चूक जवळजवळ सगळे करतात. रफनेसची इमेज `sRGB` वर राहते. मग इमेजमधलं 0.5 शेडरला 0.21 म्हणून पोचतं आणि घागर विनाकारण ओली दिसते. रफनेस आणि बम्प दोन्हींना `Non-Color` लावायचं. बम्पचा मॅप आठ बिटचा असेल तर गोल पोटावर पायऱ्या पडतात, तिथे सोळा बिट घ्या.

आता जिथे बम्प हात टेकतो तेपण सांगतो. त्याने कडा हलत नाही, म्हणून मोठा पोचा बाहेरच्या रेषेत दिसायचा असेल तर मेशच हलवायला लागतो. आणि नॉइजचे नोड गेममध्ये तसेच नेता येत नाहीत, इमेजमध्ये बेक करावे लागतात. लग्नातल्या भांड्यांवर ठिपक्या ठिपक्यांनी नाव कोरलेलं असतं की नाही, ते क्लोजअपला वाचता यायला पिक्सेल लागतातच, होय की. पण त्यासाठीपण मी अख्खी घागर 4के केली नाही, नावापुरता 512 चा वेगळा स्टिकरसारखा डेकल खांद्यावर बसवला आणि ठिपके बम्पमध्ये आत ढकलले. पहिल्या रेंडरमध्ये ते ठिपके बाहेर आलेले फोडासारखे दिसले, उंची उलटी होती, `Invert` टिक केलं आणि आत गेले.