गावाचं नाव राहिलं

नवऱ्याला प्रेमपत्र टाकायचं होतं, एवढंच. तो पाच महिने अशा चौकीवर आहे की तिथे फोनची रेंज सणासुदीच्या पाहुण्यासारखी येते. म्हणून रात्री लेकीला झोपवून अंतर्देशीय भरून काढलं. त्याच्या कडेचा डिंक नावालाच असतो, तेव्हा पोस्टातल्या टेबलावर गेले. तिथे डिंकाची बाटली होती, ब्रश नव्हता. बोटानं लावत होते.

शेजारी एक आजोबा. त्यांनी माझा पत्ता मोठ्यानं वाचला. आर्मी नंबर, हुद्दा, नाव, युनिट, द्वारा 56 एपीओ, पिन.

"गावाचं नाव राहिलं."

"गाव लिहायचं नसतं, आजोबा. लष्कराच्या पोस्टात जातं, तिथून ते युनिटकडे पाठवतात."

"पण नवरा आहे कुठे?"

"ते पत्त्यावर लिहीत नाहीत."

"लिहू नका. मला सांगा."

मी गप्प. आजोबांनी चष्मा वर केला. "म्हणजे तुम्हाला माहीतच नाही! आणि पिन नऊनं सुरू होतो? महाराष्ट्राचा चारानं होतो."

"तो महाराष्ट्रात नाहीये."

"मग कुठल्या राज्याचा नऊ?"

"कुठल्याच नाही. नऊ लष्कराचा."

हे त्यांना पटलं नाही. चाळीस वर्षं नोकरी केली म्हणे, बिनगावाचा माणूस पाहिला नाही. एवढ्यात डिंक वाळेना म्हणून मी घडी उघडली आणि त्यांची नजर आत गेली.

"लाडक्या ढेरपोट्या?"

मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं.

"अहो, सीमेवरच्या जवानाला? पत्राला मायना असतो. वडिलांना तीर्थरूप, इतर वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप..."

"तो माझा वडीलधारा नाहीये, आजोबा. माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान आहे."

"तरी मान राखावा. आम्हाला अभिमान वाटतो त्यांचा."

हा अभिमान मला रोज भेटतो. सोसायटीत भेटतो, शाळेच्या फाटकाशी भेटतो. लेकीला ताप आला त्या रात्री दोन वाजता रिक्षा शोधताना मात्र तो कुठे दिसला नाही. आणि मी पाठवणार ते दोन रुपये पन्नास पैशांचं पान, त्यात नळाचा वायसर मीच बदलला हे लिहायचं की तुझ्या पोटावर डोकं ठेवल्याशिवाय झोप येत नाही हे, याचाच हिशेब रात्रभर चालला होता. तिसऱ्या घडीवर पोटावरच्या झोपेचं वाक्य जिंकलं होतं. ती घडी आता डिंकाला आणि आजोबांना, दोघांनाही चिकटली होती.

शेवटी लाजेनं म्हणा, घाईनं म्हणा, मी पेन काढलं, 'ढेरपोट्या' खोडलं आणि वर 'सप्रेम नमस्कार' लिहिलं. आजोबा प्रसन्न झाले. काउंटरवरच्या ताईंनी पत्त्याकडे पाहिलंही नाही. "पेटीत टाका," म्हणाल्या.

टाकलं. आणि पेटीचं झाकण खाली आपटताना आठवलं, 'सप्रेम नमस्कार' मी त्याला आजवर एकदाच लिहिलं होतं. तेव्हा आठवडाभर आमचा अबोला होता.

आता तो तिकडे डोकं खाजवत बसणार, की ही का चिडली. आणि विचारायला रेंज नाही.